आधी मेंदूच्या शिरेत गुठळी, मग पोर्टल शिरेत: ‘नॉर्मल’ सीबीसीमागचा मज्जेचा आजार

(रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

## पार्श्वभूमी

रुग्ण सातारा जिल्ह्यातली, पहिल्या आजारपणाच्या वेळी वय २९, वजन ५८ किलो, एक मूल. मधुमेह नाही, तंबाखू नाही, घराण्यात कुणाला गुठळीचा त्रास नाही. गौरी-गणपतीत पाळी येऊ नये म्हणून तिने औषधाच्या दुकानातून नॉरएथिस्टेरॉनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या आणि दिवसातून तीन याप्रमाणे दोन आठवडे घेतल्या. विसर्जनानंतर डोकं दुखायला लागलं. आडवं झालं की जास्त, पहाटे सर्वांत जास्त. उलट्या सुरू झाल्या. तालुक्याच्या ठिकाणी साधा सीटी स्कॅन झाला, त्यात काही दिसलं नाही आणि अर्धशिशी म्हणून गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी उजव्या हाताला झटके आले, तेव्हा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथे एमआर व्हेनोग्राफीत मेंदूच्या वरच्या मधल्या शिरेत (सुपीरियर सॅजिटल सायनस) आणि डाव्या आडव्या सायनसमध्ये गुठळी स्पष्ट दिसली.

उपचार नेहमीचे आणि योग्य झाले: हेपॅरिनची इंजेक्शनं, झटक्यांसाठी लेव्हेटिरॅसिटाम, तिसऱ्या दिवसापासून वॉरफरिन. तीन आठवड्यांत डोकेदुखी गेली. सहा महिन्यांनी वॉरफरिन बंद केलं. फाइलवर कारण लिहिलं होतं: ‘हार्मोनच्या गोळ्या, प्रोटीन एस कमी’. प्रोटीन एस म्हणजे रक्त गोठण्यावर लगाम ठेवणारं प्रथिन.

त्या गोळ्यांचा वाटा खोटा नव्हता. नॉरएथिस्टेरॉन प्रोजेस्टेरॉन जातीचं औषध असलं तरी दिवसाला १५ मिलिग्रॅमसारख्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनमध्ये. सणावाराला पाळी पुढे ढकलून नंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या बायका आपल्याकडच्या न्यूरॉलॉजी वॉर्डांना नव्या नाहीत. पण कारण सापडलं की शोध थांबतो, आणि इथे नेमकं तेच झालं.

## पहिल्या वेळचे आकडे

दाखल झाली त्या दिवशीची सीबीसी फाइलमध्ये होती. हिमोग्लोबिन १५.२, हिमॅटोक्रिट ४५.६, सरासरी लाल पेशीचा आकार म्हणजे एमसीव्ही ८६, पांढऱ्या पेशी १२,४००, प्लेटलेट ४ लाख ७१ हजार. अहवालावर दोन ठिकाणी ‘हाय’ छापलेलं होतं. ‘झटके आले, उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं’ असं त्याचं स्पष्टीकरण झालं. त्या दिवसापुरतं ते पटण्यासारखं आहे. पण आपल्याकडे मूल झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन ११-१२ असलं तरी बरं म्हणायचं, तिथे १५.२ हा आकडा डोळ्यात भरायला हवा होता. त्याहून मोठी उणीव म्हणजे पुढच्या सहा महिन्यांत वॉरफरिनचा परिणाम मोजणारा आयएनआर कित्येकदा झाला, सीबीसी एकदाही नाही. प्लेटलेट ताणामुळे वाढल्या असतील तर काही आठवड्यांत खाली यायला हव्यात. त्या आल्या का, हे कोणी पाहिलंच नाही.

प्रोटीन एसचा अहवाल ३८ टक्के होता. नमुना पाचव्या दिवशी घेतला होता, म्हणजे ताजी गुठळी अंगात, नुकत्याच बंद केलेल्या हार्मोनच्या गोळ्या आणि दोन दिवस पोटात गेलेलं वॉरफरिन. या तिन्ही गोष्टी प्रोटीन एस खाली आणतात. असा अहवाल जन्मजात कमतरतेचा पुरावा होत नाही. तो नमुना त्या दिवशी घ्यायलाच नको होता.

## दुसरा प्रसंग

चार वर्षांनी, वय ३३. नऊ दिवस पोटात वरच्या बाजूला आणि बेंबीभोवती दुखणं, जेवलं की वाढायचं, बारीक ताप. गावात ॲसिडिटीचं औषध झालं. दहाव्या दिवशी सोनोग्राफीत पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांतलं रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेत, प्रवाह दिसेना, म्हणून दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या सीटीत मुख्य पोर्टल शीर ताज्या गुठळीने भरलेली, गुठळी खाली आतड्याच्या शिरेत म्हणजे सुपीरियर मेसेंटेरिक शिरेत उतरलेली. यकृताची कड गुळगुळीत, आत गाठ नाही. प्लीहा १६.५ सेंमी.

त्या दिवशीची सीबीसी: हिमोग्लोबिन १३.१, हिमॅटोक्रिट ४२.९, पांढऱ्या पेशी ११,८००, प्लेटलेट ४ लाख १२ हजार. कॅज्युअल्टीतल्या नोंदीत लिहिलं होतं ‘सीबीसी नॉर्मल’. सगळी गोम या दोन शब्दांत आहे.

प्लीहा १६ सेंमीच्या पुढे गेली आणि पोर्टल शिरेत अडथळा असला की प्लीहा पेशी अडकवून ठेवते. अशा रुग्णात प्लेटलेट लाख-दीड लाखावर यायला हव्यात. त्या चार लाखांवर असतील तर हाडांतली मज्जा जास्त वेगाने पेशी तयार करते आहे आणि प्लीहेची गळती झाकली जाते आहे, असं समजावं. कामाला येईल असा ठोकताळा: पोर्टल प्रणालीतली गुठळी, प्लीहा १६ सेंमी किंवा जास्त, आणि तरीही प्लेटलेट २ लाखांच्या वर, तर मज्जेचा आजार नाही असं सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरून चालावं. शिवाय दहा दिवसांची गुठळी प्लीहा एवढी फुगवत नाही. प्लीहा आधीपासूनच मोठी होती.

## लाल पेशींचं कोडं

त्याच अहवालात खाली लाल पेशींची संख्या होती ६४ लाख, एमसीव्ही ६७, आकारातला फरक दाखवणारा आरडीडब्ल्यू २२. एमसीव्हीला दशलक्षातल्या लाल पेशींच्या संख्येने भागलं की ६७ भागिले ६.४, म्हणजे साधारण १०.५ येतं. तेरापेक्षा कमी आलं की थॅलेसेमिया मायनर, असा पाठ सगळ्यांचा असतो. निवासी डॉक्टरांनी तसं लिहिलंही.

हिमॅटॉलॉजिस्टनी जुनी फाइल मागवली. चार वर्षांपूर्वी एमसीव्ही ८६ होता. थॅलेसेमिया मायनर जन्मापासून असतो. ज्याची पेशी एकेकाळी ८६ होती त्याला तो नाही, विषय संपला. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-२ सुद्धा २.६ टक्के आलं, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता, कारण लोह कमी असलं की ए-२ खोटं खाली दिसू शकतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आलं ६. पाळीत खूप रक्त जात असल्याचं तिने विचारल्यावर सांगितलं, वॉरफरिन चालू होतं तेव्हापासूनच.

लोह संपलेल्या बाईच्या लाल पेशी ४०-४२ लाखांवर घसरायला हव्यात. इथे त्या ६४ लाख. पेशी लहान, पोटात हिमोग्लोबिन कमी, पण संख्या बेसुमार. पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे मज्जा गरजेपेक्षा जास्त लाल पेशी बनवत राहते तो आजार, लोहाच्या कमतरतेखाली दडला की चित्र असंच दिसतं: कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू, कच्चा माल संपलेला. त्यात वाढलेली प्लीहा आणि तिच्यासोबत वाढलेलं रक्तद्रव हिमॅटोक्रिट आणखी खाली दाखवतात. म्हणून पोटातल्या शिरांच्या गुठळीत हिमॅटोक्रिट ‘नॉर्मल’ आहे हा दिलासा नव्हे.

## कोणते पर्याय समोर होते

गुठळीचं मूळ शोधताना पोर्टल शिरेसाठी यादी लांब नसते. सिऱ्होसिस आणि यकृताचा कर्करोग सीटी, यकृताच्या तपासण्या आणि इलास्टोग्राफीने वगळले. अपेंडिक्स, स्वादुपिंड, पोटातला पू हे सीटीतच वगळले. उरले मज्जेचे आजार, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आणि पीएनएच. पीएनएच हा लाल पेशी फुटण्याचा आजार दुर्मीळ, पण यकृत, पोट आणि मेंदूच्या शिरा ही त्याचीही आवडती जागा, म्हणून फ्लो सायटोमेट्री पाठवली. ती निर्दोष आली. कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या हेपॅरिनवर करता येतात, त्या निर्दोष होत्या. ल्यूपस अँटिकोॲग्युलंटवर मात्र हेपॅरिन आणि वॉरफरिनचा परिणाम होतो, म्हणून तिचा निकाल सावधपणे वाचला. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन मुद्दाम पाठवलं नाही. ताजी गुठळी, हेपॅरिन आणि यकृताला कमी पडलेला रक्तपुरवठा, या तिघांत आलेला आकडा पुन्हा एकदा फाइलवर खोटं लेबल लावून गेला असता.

जॅक-२ व्ही६१७एफ, म्हणजे मज्जेच्या या आजारांत अनेकदा सापडणारा जॅक-२ जनुकातला बदल, शोधणारी तपासणी या सगळ्यांत सोयीची. ती डीएनएची आहे. गुठळी ताजी असो, वॉरफरिन चालू असो, गरोदरपण असो, निकाल बदलत नाही. मज्जेची गरज नाही, हाताच्या शिरेतलं रक्त पुरतं. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचा, हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीत नाही आणि हेपॅरिनने धुतलेल्या लाइनमधूनही नाही, कारण हेपॅरिन पीसीआर अडवतं. आणि प्रयोगशाळेला पद्धत विचारायची. पोटातल्या गुठळ्यांत बदललेल्या जनुकाचं प्रमाण बऱ्याचदा कमी असतं. साधी सँगर पद्धत १५-२० टक्क्यांखालचं चुकवू शकते. १ टक्का किंवा त्याहून कमी पकडणारी पीसीआर पद्धत हवी. निर्दोष अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल तर तो निर्दोष मानू नये.

सिऱ्होसिस नसलेल्या पोर्टल शिरेच्या गुठळीत शंभरांतल्या तीसेक जणांत मज्जेचा आजार सापडतो, आणि सीबीसीत काही दिसत नसलेल्यांतही सुमारे १५ टक्क्यांत जॅक-२ सापडतं. मेंदूच्या शिरेच्या गुठळीत हे प्रमाण बरंच कमी, साधारण ३ ते ५ टक्के. म्हणून पोर्टल शिरेच्या रुग्णात ही तपासणी सरसकट करावी, मेंदूच्या शिरेत आकडे काठावर असतील किंवा दुसरं पटणारं कारण नसेल तेव्हा. पहिल्या वेळी आकडे काठावर होते.

## काय केलं

गुठळी दिसल्याच्या तासाभरात एनॉक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम दर १२ तासांनी सुरू झालं, किलोला १ मिलिग्रॅम या हिशोबाने. आतड्याच्या शिरेपर्यंत गुठळी उतरल्याने पहिले ७२ तास आतड्यावर नजर होती: पोट कडक होणं, शौचातून रक्त, वाढतं लॅक्टेट. नळी घालून गुठळी विरघळवायची का, असा प्रश्न इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टपुढे ठेवला. आतडं जिवंत आहे, दुखणं हेपॅरिनवर दुसऱ्याच दिवशी उतरलं, तर रक्तस्रावाची जोखीम कशाला, म्हणून तो मार्ग सोडला. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा किंचितच फुगलेल्या होत्या, बँडिंगची गरज नव्हती. एंडोस्कोपीसाठी हेपॅरिन थांबवून ठेवलं नव्हतं, हे महत्त्वाचं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात शिरेतून लोह द्यायची ऑर्डर लिहिली गेली. फेरिटिन ६, बाई थकलेली, ऑर्डर साहजिकच होती. परिचारिकेने पिशवी लावण्याआधी हिमॅटॉलॉजीच्या डॉक्टरांना फोन केला आणि ती थांबली. या रुग्णात लोहाची टंचाई हाच रक्त घट्ट होण्यावरचा एकमेव ब्रेक होता. ताजी गुठळी असताना लोह दिलं असतं तर काही आठवड्यांत हिमॅटोक्रिट पन्नाशीकडे गेला असता. निदान ‘उघडं पाडण्यासाठी’ लोह देण्याचा विचारही याच कारणाने नाकारला.

पाचव्या दिवशी जॅक-२ सकारात्मक आलं, बदललेल्या जनुकाचं प्रमाण १८ टक्के. लाल पेशी बनवायला सांगणारं हार्मोन, एरिथ्रोपोएटिन, संदर्भमर्यादेच्या खाली. मज्जेचा तुकडा दहाव्या दिवशी काढला, कारण पहिल्या आठवड्यात हेपॅरिनचा डोस चुकवायचा नव्हता. आदल्या रात्रीचा आणि सकाळचा डोस वगळला, कमरेच्या मागच्या हाडातून बायोप्सी केली, जागेवर दाब दिला आणि संध्याकाळपासून डोस पुन्हा सुरू झाला. वॉरफरिन बायोप्सीनंतरच सुरू केलं. मज्जेत तिन्ही कुळांच्या पेशी वयाच्या मानाने जास्त, मेगॅकॅरिओसाइट लहान-मोठ्या आकारांच्या, तंतू जवळपास नाहीत, लोहाचा साठा शून्य.

आता नाव काय द्यायचं? पॉलिसायथेमिया व्हेरासाठी बाईचं हिमोग्लोबिन १६ च्या वर किंवा हिमॅटोक्रिट ४८ च्या वर लागतो. इथे तो ४२.९. इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया या प्लेटलेट वाढवणाऱ्या मज्जेच्या आजारासाठी प्लेटलेट ४ लाख ५० हजार लागतात. इथे त्याही कमी. समितीने ‘मायलोप्रोलिफरेटिव्ह आजार, जॅक-२ सकारात्मक, झाकलेला पॉलिसायथेमिया संभाव्य’ असं लिहिलं. नावाचा वाद उपचार अडवत नाही, कारण गुठळी झालेली असल्याने ती कोणत्याही नावाखाली जास्त जोखमीचीच ठरते आणि पेशी कमी करणारं औषध लागतंच.

औषध निवडताना बोलणं लांबलं. तिने सुरुवातीलाच विचारलं, “मॅडम, दुसरं मूल होईल का?” हायड्रॉक्सियुरिया स्वस्त, लवकर काम करणारं, पण गरोदरपणात देता येत नाही. पेगिलेटेड इंटरफेरॉन महाग, हळू काम करणारं, नैराश्य आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागणारं, पण गरोदरपणातही चालू ठेवता येतं. थायरॉइड आणि मनःस्थितीची तपासणी करून इंटरफेरॉन आठवड्याला ४५ मायक्रोग्रॅमने सुरू केलं, दोन महिन्यांनी ९० वर नेलं. लक्ष्य हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली, आणि प्लीहेमुळे आकडा फसवा असल्याने लाल पेशींची संख्याही पाहायची.

ॲस्पिरिन जोडलं नाही. वॉरफरिनसोबत ते रक्तस्रावाची जोखीम वाढवतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा पुढे फुगू शकतात. वॉरफरिनच का, नवी औषधं का नाहीत, यावर मतं वेगळी असू शकतात. सिऱ्होसिस नाही, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं नाहीत, म्हणजे ॲपिक्साबानसारखं औषधही चाललं असतं. तिच्या तालुक्यात आयएनआर होतो आणि वॉरफरिन परवडतं, एवढ्यावर निर्णय झाला. आयएनआर २ ते ३, आणि औषध कायमचं. जास्त पाळीसाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं गर्भाशयात बसवायचं साधन घातलं. इस्ट्रोजेन असलेली गोळी आणि सणासाठी पाळी पुढे ढकलणारी गोळी, दोन्ही बंद.

## परिणाम

बारा महिन्यांनी आतड्याची शीर पूर्ण मोकळी, मुख्य पोर्टल शीर बऱ्यापैकी उघडलेली, डावी फांदी मात्र बंदच आणि तिच्याभोवती बारीक पर्यायी शिरांचं जाळं. हेपॅरिन वेळेत मिळूनही पोर्टल शीर वर्षभरात पूर्ण मोकळी होणाऱ्यांचं प्रमाण दहांत चार एवढंच असतं, त्यामुळे हा निकाल चांगल्यांत मोडतो. नऊ दिवस ॲसिडिटीत गेले नसते तर डावी फांदीही वाचली असती का, सांगता येत नाही. उशिरा सुरू केलेल्या उपचारात शीर उघडण्याची शक्यता कमी होते, एवढं नक्की. प्लीहा १४.५ सेंमी. लाल पेशी ५१ लाख, प्लेटलेट २ लाख ६० हजार, जॅक-२ चं प्रमाण ११ टक्के. मेंदूत नवी गुठळी नाही. पाळी आटोक्यात आल्यावर फेरिटिन लोहाच्या गोळीशिवाय १९ वर आलं.

## काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त गोष्ट आधी. पहिल्या प्रसंगानंतर सहा ते आठ आठवड्यांनी एक सीबीसी. तेव्हाही प्लेटलेट साडेचार लाखांवर किंवा हिमोग्लोबिन १५ च्या वर असतं तर त्याच दिवशी जॅक-२ गेलं असतं, सहा महिन्यांनी वॉरफरिन थांबलं नसतं आणि पोर्टल शिरेची गुठळी कदाचित टळली असती. पोटाची सोनोग्राफी करून प्लीहा मोजली असती तरी दिशा मिळाली असती.

प्रोटीन एसची नोंद तेव्हाच ‘नमुना अयोग्य वेळी’ म्हणून खोडायला हवी होती. वॉरफरिन थांबवून काही आठवडे गेल्यावर पुन्हा करता आली असती. दुसऱ्या रुग्णालयात हिमॅटॉलॉजी विभाग नसता तर याच नोंदीवर ‘कारण माहीत आहे’ म्हणून शोध पुन्हा थांबला असता.

दुसऱ्या प्रसंगात जॅक-२ निर्दोष आलं असतं तर काय, याचीही तयारी होती. प्लीहा १६ सेंमीच्या वर आणि प्लेटलेट २ लाखांच्या वर असल्याने कॅल्रेटिक्युलिन जनुक आणि जॅक-२ चा एक्झॉन १२ पाठवायचं ठरलेलं होतं, आणि तेही निर्दोष आले तरी बायोप्सी करायची होती. प्लीहा लहान आणि प्लेटलेट दीड लाख असत्या तर मात्र एवढं पुढे जाण्यात फारसा अर्थ नव्हता.

दुसऱ्या मुलाची योजना पुढच्या वर्षी आहे. गर्भाशयातलं साधन काढण्याआधी हिमॅटॉलॉजीची भेट घ्यायची, एंडोस्कोपी पुन्हा करायची. पाळी चुकल्यावर चाचणी सकारात्मक आली की त्याच दिवशी वॉरफरिन बंद करून एनॉक्सापॅरिन, कारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिन गर्भाला बाधतं. बाळंतपणानंतरही किमान सहा आठवडे हेपॅरिन किंवा वॉरफरिनमध्ये एक दिवसाचाही खंड नको. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईत चार ओळी लिहून दिल्या आहेत, गावातल्या डॉक्टरांसाठी: जॅक-२ सकारात्मक मज्जेचा आजार, गुठळीविरोधी औषध कायम, इस्ट्रोजेन आणि नॉरएथिस्टेरॉन नको, हिमॅटॉलॉजीला विचारल्याशिवाय लोहाची गोळी किंवा इंजेक्शन नको.